माळ्यावरचा डेस्कटॉप: ठरल्या वेळी उठवण्या-झोपवण्याचं एक प्रकरण

पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात डीटीपीचं दुकान आहे. खाली चार ऑपरेटर बसतात आणि वर लाकडी माळ्यावर, कागदाच्या रिमांशेजारी, एक जुना असेम्बल केलेला डेस्कटॉप ठेवलेला आहे. त्याला मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. त्यावर उबुंटू हे लिनक्स आहे आणि सांबा ह्या फाइल वाटणाऱ्या प्रोग्राममार्फत एक सामायिक फोल्डर खालच्या चारही विंडोज मशिन्सना दिसतो. पुस्तकांची पानं, मुखपृष्ठं, पत्रिका, सगळं काम त्या फोल्डरमध्ये असतं. हा डेस्कटॉप वर्षानुवर्षं चोवीस तास चालू होता, आणि त्याला कारणही तसंच होतं: बटण दाबायला शिडी लावून माळ्यावर चढावं लागतं.

दुकानाच्या वेळा ठरलेल्या आहेत. सकाळी दहा ते दीड, दुपारी चार ते साडेआठ, रविवारी बंद. म्हणजे आठवड्यातल्या १६८ तासांपैकी ४८ तास काम आणि बाकीचे १२० तास रिकामं चालणं. वीजबिल खाली आणायचं म्हणून मालकांनी, ज्यांना सगळे काका म्हणतात, मला बोलावलं. त्यांना वाटत होतं की नवं, कमी वीज खाणारं मशिन घ्यावं लागेल. मशिन तेच ठेवून त्याच्या वेळा बांधता येतात, हे मी त्यांना सांगितलं. त्यापुढे जे घडलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण ह्यातली प्रत्येक अडचण कुठल्याही दुकानात, ऑफिसात किंवा घरी तशीच्या तशी येऊ शकते.

आधी मोजमाप

प्लगमध्ये लावायचा वीजमापक घेऊन डेस्कटॉप वेगवेगळ्या अवस्थांत मोजला. काही काम नसताना, नुसता चालू असताना, तो ३८ वॅट घेत होता. एस-३ अवस्थेत, म्हणजे फक्त रॅमला वीज मिळते आणि बाकी सगळं बंद असतं त्या झोपेत, २.४ वॅट. एस-५ मध्ये, म्हणजे नेहमीच्या शटडाउननंतर, १.१ वॅट. बंद मशिन १.१ वॅट कशाला घेतं, हा प्रश्न काकांनी लगेच विचारला, आणि हे अख्खं प्रकरण त्याच उत्तरावर उभं आहे.

एटीएक्स पॉवर सप्लायला भिंतीतून वीज मिळत असेपर्यंत त्याची एक पाच व्होल्टची लाइन कायम चालू असते. तिला स्टँडबाय लाइन म्हणतात. समोरचं बटण दाबलं गेलं हे मदरबोर्डला कळतं ते तिच्यामुळे. त्याच लाइनवर बोर्डावरचं घड्याळही बोर्डाला 'आता चालू हो' असं सांगू शकतं. हे घड्याळ ३२,७६८ हर्ट्झच्या स्फटिकावर चालतं. वीज गेली की ते सीआर२०३२ ह्या बटणसेलवर तग धरतं. त्याच्यात वेळेसोबत गजराची वेळही साठवता येते. दोन्ही वेळा जुळल्या की इशारा जातो आणि स्टँडबाय लाइन जिवंत असेल तर मशिन उठतं. विंडोज, लिनक्स किंवा कुठलाही प्रोग्राम त्या क्षणी चालू असण्याची गरज नसते. मशिन स्वतःहून बंद करणं सोपं असतं; बंद मशिनला ठरल्या वेळी आतून उठवणं मात्र हे घड्याळच करू शकतं.

काकांचा मेन स्विच

पहिल्या संध्याकाळी गजर लावून मशिन बंद केलं. माळ्यावरचे दिवे गेलेले पाहून काकांनी कुलूप लावण्याआधी मेन स्विच खाली ओढला. मशिन चोवीस तास चालू ठेवायला लागण्याआधी त्यांची तीच सवय होती. सकाळी अर्थातच काही उठलं नाही. स्टँडबाय लाइनच नव्हती. घड्याळ सेलवर चालत राहिलं, गजराची वेळ आली आणि गेली, पण इशारा ऐकायला कोणी नव्हतं.

मी कारण सांगितल्यावर काका म्हणाले, "ताई, मेन बंद केल्याशिवाय मला घरी झोप लागायची नाही. आत सगळा कागद आहे."

हे बोलणं अगदी बरोबर आहे. जुन्या वाड्यातलं दुकान, जुनं वायरिंग, कागदाचे ढीग. वर्षाला थोडे रुपये वाचवण्यासाठी तिथे रात्रभर सगळी वीज चालू ठेवा असं मी कुणालाही सांगणार नाही. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून माळ्यावरच्या सॉकेटसाठी वेगळी वायर ओढून घेतली आणि तिला स्वतंत्र एमसीबी लावला. आता मेन खाली ओढला तरी तेवढी एक वायर जिवंत राहते, आणि तिच्यावर यूपीएस आणि हे मशिन सोडून दुसरं काही नाही. जिथे अशी सोय करता येत नाही आणि मेन बंद करणं गरजेचं आहे, तिथे बोर्डावरच्या गजराचा नाद सोडून द्यावा. तिथे मशिन रीतसर बंद करून मेन ओढणं आणि सकाळी बटण दाबणं हाच मार्ग आहे.

स्टँडबाय लाइन तोडणारा दुसरा स्विच बायोसमध्ये, म्हणजे बोर्डावरच्या सेटिंग्जच्या प्रोग्राममध्ये, असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. त्याचं नाव बहुतेक बोर्डांवर `ErP` किंवा `ErP Ready` असतं. बंद उपकरणाने अर्ध्या वॅटपेक्षा जास्त वीज घेऊ नये ह्या युरोपीय नियमासाठी ही सोय आली. ती चालू केली की बोर्ड स्टँडबायवरचं जवळजवळ सगळं तोडतो आणि त्यात गजरही जातो. ह्या मशिनवर ती चालू केल्यावर १.१ वॅटचे ०.३ वॅट झाले, पण मशिन उठेना. वाचणारे ०.८ वॅट वर्षाला चार-साडेचार युनिट भरतात, त्यामुळे ते सोडून दिले आणि `ErP` बंद ठेवलं. ही सोय चालू आहे की बंद, हे बायोस न उघडताही बऱ्याचदा कळतं: मशिन बंद असताना मागच्या नेटवर्क केबलच्या खाचेजवळचा बारीक दिवा पेटलेला असेल तर स्टँडबाय लाइन नेटवर्कपर्यंत पोचते आहे. तो अंधारात असेल तर आधी `ErP` तपासावं.

सव्वातीनला उठणारं मशिन

माझ्याआधी एका ओळखीच्या मुलाने ह्याच मशिनच्या बायोसमध्ये गजर लावून पाहिला होता. बायोसमध्ये ही सोय कंपनीगणिक वेगळ्या नावाने येते: कुठे `Resume by Alarm`, कुठे `Power On By RTC`, कुठे `Auto On Time`. त्याने वेळ टाकली होती ०९:४५. मशिन दहा वाजता बंदच, साडेदहाला बंदच. मग कोणीतरी शिडी चढून ते चालू करायचं. "बोर्ड जुना आहे, गजर चालत नाही" असा निष्कर्ष काढून तो मोकळा झाला होता.

मी तो गजर तसाच ठेवला आणि एक दिवस कोणालाही बटण दाबू दिलं नाही. दुपारी चारला दुकान उघडलं तेव्हा मशिन चालू होतं. कधी उठलं ते पाहण्यासाठी ही आज्ञा दिली:

```
journalctl --list-boots
```

शेवटच्या ओळीत वेळ होती १५:१५. पावणेदहा आणि सव्वातीन ह्यांच्यात बरोबर साडेपाच तास आहेत, आणि भारतात राहणाऱ्या माणसाला साडेपाच तासांचा फरक दिसला की दुसरं काही शोधायची गरज नसते.

विंडोज बोर्डावरच्या घड्याळात स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स तिथे जागतिक प्रमाणवेळ लिहितं, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे आहे. बोर्डाला देश-वेळ काही कळत नाही. घड्याळातला आकडा आणि गजरातला आकडा जुळतो का, एवढंच तो पाहतो. घड्याळात ०९:४५ हा आकडा यायला पुण्यात सव्वातीन वाजावे लागतात. म्हणजे बोर्ड ठणठणीत होता आणि सांगितलं ते चोख करत होता. आपल्या मशिनवर काय आहे ते `timedatectl` ही आज्ञा सांगते. तिच्यात `RTC in local TZ: no`, म्हणजे बोर्डावरचं घड्याळ स्थानिक वेळेत नाही, असं दिसलं तर बायोसमधला गजर आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा करून लावायचा, म्हणजे पावणेदहासाठी ०४:१५.

इथे तारखेचंही भान ठेवावं लागतं. पहाटे साडेपाचच्या आधीचा गजर हवा असेल तर जागतिक वेळेत तो आदल्या दिवशी पडतो. सोमवारी पहाटे पाचला उठवायचं असेल आणि बायोस वार विचारत असेल, तर तिथे रविवार आणि २३:३० टाकायला हवं. एकाच मशिनवर आलटून पालटून विंडोज आणि लिनक्स चालवत असाल तर आधी दोघांना एकाच वेळेवर आणा, नाहीतर गजर एक दिवस बरोबर आणि एक दिवस साडेपाच तासांनी चुकीचा येत राहील.

रविवार, आणि गजर लिहिणार कोण

बायोसचा गजर ह्या बोर्डावर एक तर रोजचा किंवा महिन्यातल्या एकाच तारखेचा, एवढाच लावता येतो. रोजचा लावला तर रविवारीही मशिन उठणार आणि बंद दुकानात रात्रीपर्यंत चालत राहणार. काही कंपन्यांच्या तयार ऑफिस मशिन्समध्ये वार निवडता येतात, तिथे हा प्रश्न येत नाही. असेम्बल केलेल्या मशिनवर तो हमखास येतो.

ह्याचं मूळ जुनं आहे. १९८४ च्या आयबीएम पीसी-एटीमध्ये जी घड्याळाची चिप होती तिच्या गजरात फक्त तास, मिनिट आणि सेकंद होते. तारखेला जागाच नव्हती. तारखेची सोय नंतर जोडली गेली आणि ती सगळ्या बोर्डांवर सारखी नाही. आपल्या बोर्डाची मर्यादा लिनक्स स्वतः सांगतं. `sudo dmesg | grep rtc_cmos` असं विचारलं की `alarms up to one month` किंवा `alarms up to one day` असं वाचायला मिळतं. एक दिवस असं लिहिलेलं असेल तर शनिवारी रात्री सोमवारचा गजर लावता येणार नाही. मशिनला रविवारी उठवून लगेच परत बंद करावं लागेल. ह्या मशिनवर एक महिना होता, त्यामुळे काम सोपं झालं.

म्हणून ठरवलं की बायोसचा गजर पूर्ण बंद करायचा आणि रोज रात्री बंद होताना लिनक्सनेच पुढच्या कामाच्या दिवसाचा गजर लिहून जायचं. गजराची जागा एकच असते. बायोसचा गजर चालू राहिला तर कित्येक बोर्ड बंद होण्याच्या शेवटच्या क्षणी त्या जागी स्वतःची वेळ लिहून टाकतात आणि लिनक्सने लिहिलेलं पुसलं जातं. उलट काही बोर्डांवर गजर कोणाच्या ताब्यात द्यायचा हे वेगळं विचारलं जातं. `Wake Up Event By` असं काही दिसलं तर तिथे `OS` निवडायचं. आपला बोर्ड कसा वागतो ते तीन मिनिटांत कळतं:

```
sudo rtcwake -m off -s 180
```

मशिन बंद होऊन तीन मिनिटांनी आपोआप उठलं तर पुढे जायला हरकत नाही. `rtcwake` ला साडेपाच तासांची काळजी करावी लागत नाही. घड्याळात कोणती वेळ आहे ते तो `/etc/adjtime` मधून पाहतो आणि रूपांतर स्वतः करतो.

रात्रीसाठी `/usr/local/sbin/ratri` नावाची ही छोटी फाइल लिहिली:

```
#!/bin/sh
smbstatus -L | grep -q 'No locked files' || exit 0
now=$(date +%s)
t=$(date -d 'today 09:45' +%s)
[ "$t" -le "$now" ] && t=$(date -d 'tomorrow 09:45' +%s)
[ "$(date -d @$t +%u)" = 7 ] && t=$((t + 86400))
/usr/sbin/rtcwake -m no -t "$t" && systemctl poweroff
```

दुसरी ओळ सांबाला विचारते की कोणाची फाइल उघडी आहे का. असेल तर काहीही न करता परत जायचं. पुढे आज पावणेदहाची वेळ काढली आहे; ती उलटून गेली असेल तर उद्याची घ्यायची आणि ती रविवारची निघाली तर एक दिवस पुढे ढकलायची. चोवीस तासांचे ८६,४०० सेकंद बिनधास्त मिळवता येतात, कारण आपल्याकडे घड्याळ उन्हाळ्या-हिवाळ्यात पुढे-मागे करत नाहीत. शेवटच्या ओळीतलं `&&` फार महत्त्वाचं आहे: गजर लागला तरच मशिन बंद होईल. गजर लागला नाही तर ते चालू राहील, आणि वाया गेलेली वीज ही सकाळी काम अडण्यापेक्षा परवडते.

सुरुवातीला आजची वेळ का तपासली आहे, असं वाटेल; सरळ `tomorrow` लिहून भागलं असतं. रात्री आठ चाळीसला भागतं. पण हीच फाइल मध्यरात्रीनंतर चालली तर 'उद्या' म्हणजे एक दिवस उशीर होतो, आणि मंगळवारी पहाटे तीनला बंद झालेलं मशिन थेट बुधवारी उठतं. हे मशिन पहाटे तीनला बंद व्हायची वेळ का येईल, ते पुढे येतंच आहे.

दुपारच्या झोपेसाठी वेगळी फाइल आहे, `dupari` नावाची. तीत तीच सांबाची तपासणी आहे आणि मग एकच ओळ:

```
/usr/sbin/rtcwake -m mem -t $(date -d 'today 15:50' +%s)
```

दुपारी शटडाउन न करता एस-३ झोप घेतली, कारण दोन-सव्वादोन तासांसाठी पूर्ण बंद करून फारसं जास्त वाचत नाही आणि झोपेतून मशिन काही सेकंदांत हजर होतं. ह्यासाठी एक गोष्ट आधी पाहून घ्यावी. `cat /sys/power/mem_sleep` विचारल्यावर `[deep]` असं कंसात दिसलं पाहिजे. कंस `s2idle` भोवती असेल तर मशिन वरवरची झोप घेतं आणि मापकावर दोन-तीन वॅटच्या जागी त्याच्या कितीतरी पट आकडा दिसतो.

दुपारच्या झोपेतून फार मोठी बचत होत नाही, हे आताच सांगते. वर्षाला २६ युनिटांच्या आसपास, तीही ऑपरेटर जेवायला जाताना आपापली मशिन्स बंद करतात तेव्हाच. फक्त फोल्डरची खिडकी उघडी राहिली तरी सांबाच्या यादीत ती उघडी म्हणून दिसते आणि माळ्यावरचं मशिन जागं राहतं. ह्यावर आणखी हुशारी करून झोप लादता आली असती. मी ती केली नाही. जेवायला न जाता मुखपृष्ठ संपवत बसलेल्या ऑपरेटरच्या हातातली फाइल तुटण्यापेक्षा काही तास ३८ वॅट गेलेले बरे.

वीज गेली तर

पुण्यात देखभालीसाठी वीज बंद ठेवायचा वार बहुतेक वेळा गुरुवार असतो. पावसाळ्याच्या तोंडाला तर रात्री-अपरात्रीही जाते. यूपीएस आहे म्हणून आम्ही निर्धास्त होतो, आणि तिथेच ह्या प्रकरणातली सगळ्यात अनपेक्षित गोष्ट समोर आली. एका सकाळी मशिन उठलं नव्हतं. रात्री वीज जाऊन आली होती, एवढंच शेजाऱ्यांकडून कळलं. स्वतंत्र वायर शाबूत होती, `ErP` बंद होतं. मग संध्याकाळी मशिन बंद असताना यूपीएसचा प्लग मुद्दाम काढून पाहिला. काही वेळाने यूपीएस स्वतःच गप्प झाला, आणि नेटवर्कचा बारीक दिवा विझला. बॅटरी भरलेलीच होती.

बॅटरी वाचवण्यासाठी काही यूपीएस असं करतात: बॅटरीवर असताना समोरचा भार अगदीच कमी दिसला, तर काही जोडलेलंच नाही असं समजून आउटपुट तोडतात. एका वॅटवर पडून असलेलं मशिन त्याला रिकाम्या प्लगसारखं दिसतं. म्हणजे जागं मशिन यूपीएस सांभाळतो आणि झोपलेलं मशिन सोडून देतो. दुपारच्या एस-३ झोपेत असं झालं तर रॅममधलं सगळं जातं. तेव्हा कोणाचीही फाइल उघडी नसते आणि झोपण्याआधी लिनक्स डिस्कवरचं लिहिणं पूर्ण करतं, म्हणून इथे ते चालून जातं.

वीज तुटून परत आल्यावर आधी लावलेला गजर टिकतो का, हे बोर्डावर अवलंबून असतं. ह्या बोर्डावर टिकला नाही. त्यामुळे बायोसमधली दुसरी सोय वापरली. तिचं नाव `Restore AC Power Loss` किंवा `AC Back`, आणि तिथे `Power On` किंवा `Always On` निवडायचं. वीज परत आली की मशिन आपोआप चालू होतं. पण वीज पहाटे अडीचला आली तर मशिन पहाटे अडीचला चालू होणार. म्हणून दर वीस मिनिटांनी `ratri` ला बंद वेळेत परत परत बोलावलं. रूटच्या क्रॉनटॅबमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या यादीत, आता हे आहे:

```
30 13 * * 1-6         /usr/local/sbin/dupari
40 20 * * *           /usr/local/sbin/ratri
*/20 21-23,0-8 * * *  /usr/local/sbin/ratri
*/20 * * * 0          /usr/local/sbin/ratri
```

अडीचला उठलेलं मशिन दोन चाळीसला पावणेदहाचा नवा गजर लावून परत झोपतं. मध्यरात्रीनंतरच्या 'उद्या'चा घोळ टाळायला हवा होता तो ह्याचसाठी. गुरुवारी सकाळी नऊ ते बारा वीज नसली तर बारा वाजता ती आली की मशिन आपोआप चालू होतं आणि कोणाला शिडी चढावी लागत नाही. रात्री उशिरापर्यंत काम चाललं असेल तर आठ चाळीसला ते बंद होत नाही. फाइल बंद झाली की पुढच्या वीस मिनिटांच्या आत होतं. शेवटची ओळ रविवारसाठी आहे. हंगामात रविवारी दुकान उघडलंच तर फाइल उघडी असेपर्यंत मशिन जागं राहतं.

सेलचं एक सांगायला हवं. जुन्या सीआर२०३२ वर मीटर लावला तेव्हा तीन व्होल्टच्या जागी २.६ च होते. वीज असेपर्यंत घड्याळ स्टँडबायवर चालतं आणि अशक्त सेल लपून राहतो. वीज गेली की घड्याळ मागे पडतं किंवा थेट जुन्या वर्षात जातं. लिनक्स इंटरनेटवरून वेळ दुरुस्त करून घेतं, त्यामुळे तारीख पाहून काही कळतही नाही. जुन्या मशिनवर गजराचं काम करायला बसण्याआधी सेल बदलून टाकावा. तो बदलताना बायोसच्या सगळ्या नोंदी बहुधा मूळपदावर जातात. `ErP`, वीज परत आल्यावर काय करायचं, बायोसचा गजर, हे तिन्ही परत लावावं लागतं. काकांच्या दुकानात ह्या तिन्हींच्या स्क्रीनचे फोटो छापून मशिनच्या डब्याला आतून चिकटवले आहेत.

हिशोब

कामाच्या दिवशी मशिन आता साडेआठ तासांपेक्षा थोडं जास्त जागं असतं, दुपारी एस-३ मध्ये आणि रात्री एस-५ मध्ये असतं. ह्या तिन्हींची बेरीज साधारण ३४६ वॅट-तास, म्हणजे एक तृतीयांश युनिटच्या जरा वर. रविवारी तर फक्त २६ वॅट-तास. आठवड्याला २.१ युनिट. आधी तेच ६.४ युनिट होतं. वर्षाचा फरक २२३ युनिटांच्या आसपास येतो.

रुपयांत मांडताना एक काळजी घेतली. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिट असा दर काढला की तो फुगतो, कारण स्थिर आकार युनिट वाचवले तरी कमी होत नाही. तो वजा करून दुकानाच्या बिलावरचा दर १३ रुपयांच्या आसपास निघाला. म्हणजे वर्षाला सुमारे २,९०० रुपये. मशिनचं दुसरं काही बदललेलं नाही, फक्त एक वायर, एक एमसीबी आणि एक सेल ह्यांचा खर्च झाला.

प्लगमध्ये लावायचा तयार टायमर आणि `AC Back` अशी जोडी वापरून रात्रीचे १.१ वॅटही शून्यावर आणता येतात, असं काकांच्या पुतण्याने सुचवलं. येतात, आणि साध्या मशिनला ते चालेलही. पण टायमर ठरल्या मिनिटाला वीज तोडतो. मशिन अजून लिहीत आहे का, हे त्याला कळत नाही. ज्या डिस्कवर चार जणांचं काम आहे तिच्यावर मी ते करणार नाही. शिवाय यांत्रिक टायमर वीज गेली की तेवढा वेळ थांबून राहतो आणि मागे पडतो.

आता रात्री सगळ्यात जास्त वीज खाते ती यूपीएस. भार नसतानाही ती ९ वॅट घेते, झोपलेल्या मशिनच्या आठपट. वर्षाचे ७९ युनिट. ती रात्री बंद केली तर स्टँडबाय लाइन जाते आणि गजरही जातो, म्हणून सध्या ती चालू आहे. तिची बॅटरी बदलायला येईल तेव्हा तिच्याजागी भार नसताना कमी वीज खाणारी आणि कमी भारावर आउटपुट न तोडणारी यूपीएस पाहायची, असं काकांशी ठरलं आहे. घेण्याआधी ती दुकानात वीजमापक लावून आणि प्लग काढून, दोन्ही तऱ्हेने तपासून घेणार आहोत.